ताळा जुळला, तरी गणित चुकलं! वहीच्या फोटोतली लपलेली चूक कशी शोधायची?



बजाजनगर, रांजणगाव शेणपुंजी, जोगेश्वरी या भागातल्या गटांच्या बैठकांना मी जाते तेव्हा हिशोबाचं रजिस्टर मिटलं की बऱ्याच ताया मोबाईल पुढे करतात. मोबाईलमध्ये मुलाच्या किंवा मुलीच्या वहीचा फोटो असतो. "मॅडम, हे बरोबर आहे का बघा ना. हे कंपनीतून येतात तोवर पोरं झोपलेली असतात, आणि मला यातलं काही कळत नाही." 'मला कळत नाही' हे वाक्य मात्र मला पटत नाही. तुम्ही दर महिन्याला गटाचा हिशोब ठेवता, व्याज काढता, हप्ता लिहिता. पोराच्या वहीतली चूक शोधायला त्यापेक्षा फार वेगळं काही लागत नाही. फोटो कसा वाचायचा आणि प्रत्येक ओळीला काय विचारायचं, एवढं माहीत असलं की झालं.

हे एका खऱ्या पानावरून समजून घेऊ. दहावीतल्या एका मुलीने सोडवलेलं हे उदाहरण आहे. तिला आणि तिच्या आईला विचारूनच ते इथे देते आहे, नाव मात्र देत नाही. धडा आहे 'अर्थनियोजन'. दहावीच्या 'गणित भाग १' या पुस्तकातला हा चौथा धडा, त्यात जीएसटीची उदाहरणं येतात.

वहीचं पान

प्रश्न असा होता: एका दुकानदाराने मिक्सर जीएसटीसह २३६० रुपयांना विकला. जीएसटीचा दर १८% आहे. तर मिक्सरची करपात्र किंमत किती? सीजीएसटी आणि एसजीएसटी प्रत्येकी किती?

मुलीने सोडवलं ते असं. ओळींना आकडे मी घातले आहेत, म्हणजे बोलायला सोपं जाईल.

ओळ १: जीएसटीसह किंमत = २३६० रु., दर = १८%

ओळ २: जीएसटी = २३६० × १८ ÷ १०० = ४२४.८० रु.

ओळ ३: करपात्र किंमत = २३६० − ४२४.८० = १९३५.२० रु.

ओळ ४: सीजीएसटी = एसजीएसटी = ४२४.८० ÷ २ = २१२.४० रु.

ओळ ५: ताळा: १९३५.२० + २१२.४० + २१२.४० = २३६० रु. बरोबर.

अक्षर सुंदर, पट्टीने रेघा मारलेल्या, शेवटी ताळासुद्धा केलेला. बैठकीत हा फोटो सगळ्यांनी पाहिला आणि सगळ्या म्हणाल्या, "बरोबरच आहे की!" पण उत्तर चुकलेलं आहे. पुढे वाचण्याआधी तुम्ही एकदा शोधून बघा.

दोन शब्दांचा अर्थ आधी सांगते. 'करपात्र किंमत' म्हणजे कर लावण्याआधीची वस्तूची किंमत, कर याच किमतीवर बसतो. आणि राज्यातल्या राज्यात वस्तू विकली तर जीएसटीचे दोन सारखे भाग होतात. केंद्राचा तो सीजीएसटी आणि राज्याचा तो एसजीएसटी. दर १८% असेल तर दोघांना ९-९%. जवळ एखादं पक्कं बिल असेल तर काढून बघा, हे दोन्ही आकडे त्यात वेगवेगळे छापलेले असतात.

आधी फोटो नीट वाचायचा

चूक शोधायच्या आधी पानावर नेमकं काय लिहिलंय हे पक्कं करायचं. फोटोत सावली पडते, कडेचा आकडा कापला जातो, शाई मागच्या पानावरून उमटते. मराठी आकड्यांत १ आणि ९ किंवा ३ आणि ६ घाईत लिहिले की सारखे दिसतात. या फोटोतही ओळ २ मधला २३६० हा आकडा २३३० असा वाटत होता, आणि एका ताईने लगेच "इथेच चुकलं" म्हणून बोट ठेवलं.

अशा वेळी आकडा कोणता हे पुढची ओळ सांगते. २३३० चे १८% काढले तर ४१९.४० येतात. २३६० चे काढले तर ४२४.८० येतात. पानावर ४२४.८० लिहिलंय, म्हणजे मुलीने २३६० च घेतले होते. समासात तिचं कच्चं काम होतं, तिथेही २३६० × १८ = ४२४८० दिसत होतं. म्हणजे ही फोटोची गडबड होती, गणिताची नव्हती. अंधुक दिसलेल्या आकड्यावरून पोराला रागावण्याआधी एवढं बघायचंच.

म्हणून फोटो काढताना तीन गोष्टी सांभाळा. वही सपाट ठेवून बरोबर वरून फोटो काढा, तिरका नको. पुस्तकातला प्रश्नही फोटोत येऊ द्या, कारण प्रश्नाशिवाय उत्तर तपासताच येत नाही. आणि समासातलं कच्चं काम कापू नका, बऱ्याचदा खरी खूण तिथेच सापडते.

प्रत्येक ओळीला दोन प्रश्न

आता ओळीओळीने जायचं. घाईने शेवटचं उत्तर बघायचं नाही. प्रत्येक ओळीला दोनच प्रश्न विचारायचे. पहिला: आकडेमोड बरोबर आहे का? दुसरा: जे केलं ते कशावर केलं, आणि त्यावरच करायचं होतं का?

पहिला प्रश्न मोबाईलच्या कॅल्क्युलेटरवर सुटतो. २३६० गुणिले १८ भागिले १००, उत्तर ४२४.८०. बरोबर. २३६० वजा ४२४.८०, उत्तर १९३५.२०. बरोबर. त्याचं निम्मं, बेरीज, सगळं बरोबर. या पानावर आकडेमोडीची एकही चूक नाही. म्हणूनच ती सगळ्यांच्या नजरेतून सुटली.

दुसरा प्रश्न विचारा. ओळ १ मध्ये फक्त प्रश्नातली माहिती उतरवली आहे, ती ठीक. ओळ २ मध्ये १८% काढले. कशाचे? २३६० चे. आणि काढायचे होते कशाचे? करपात्र किमतीचे. दुकानदाराने आधी मिक्सरची मूळ किंमत धरली, त्या मूळ किमतीवर १८% कर लावला, दोन्ही मिळून २३६० झाले. म्हणजे २३६० च्या पोटात कर आधीच बसलेला आहे. त्याच्यावर पुन्हा १८% काढले, तर मूळ किमतीबरोबर करावरही कर काढल्यासारखं होतं. साहजिकच कर जास्त निघाला आणि मूळ किंमत कमी.

चूक ओळ २ मध्येच आहे. ओळ ३ आणि ओळ ४ मधली रीत चुकलेली नाही. एकूण किमतीतून कर वजा केला की करपात्र किंमत मिळते, हे खरं. कराचे दोन सारखे भाग होतात, हेही खरं. त्या ओळींतले आकडे चुकले, कारण वरून आलेला ४२४.८० हा आकडाच चुकीचा होता. विहिरीचं पाणी गढूळ असेल तर पाइपाला दोष देऊन काय उपयोग? म्हणून नेहमी पहिली चुकीची ओळ शोधायची. ती सापडली की खालच्या ओळींचं बरंचसं आपोआप उलगडतं.

मग ताळा कसा जुळला?

या पानाची खरी गंमत इथे आहे, आणि हेच मला तुम्हाला सांगायचं आहे.

मुलीने ताळा केला, जुळला, आणि ती निर्धास्त झाली. पण तिने ताळ्यात केलं काय? ओळ ३ मध्ये २३६० मधून ४२४.८० वजा केले होते. ओळ ५ मध्ये तेच ४२४.८०, दोन भागांत, परत मिळवले. जेवढे काढले तेवढेच परत टाकले, तर बेरीज २३६० येणारच! ४२४.८० च्या जागी ५०० घेतले असते तरी ताळा जुळला असता. १८६० अधिक २५० अधिक २५०, झाले २३६०. म्हणजे हा ताळा फक्त एवढंच सांगतो की वजाबाकी बरोबर केली. कर बरोबर काढला की नाही, हे तो सांगतच नाही.

खरा ताळा करायचा तर आलेलं उत्तर घेऊन प्रश्नाच्या सुरुवातीला जायचं आणि जसं दुकानदाराने केलं तसं करून बघायचं. मुलीचं उत्तर आहे करपात्र किंमत १९३५.२०. ठीक आहे, धरू की मिक्सर १९३५.२० चा आहे. त्यावर १८% कर लावू. १९३५.२० चे १८% म्हणजे ३४८.३४ रुपये, पैशांपर्यंत धरून. दोन्हींची बेरीज २२८३.५४. पण प्रश्नात तर मिक्सर २३६० ला विकला असं दिलंय. ७६ रुपये ४६ पैसे कमी पडले. म्हणजे उत्तर चूक, आणि हे कळायला सूत्र पाठ असावं लागत नाही.

गटाच्या हिशोबातही असंच असतं बघा. एकाच रजिस्टरची पानं वरून खाली आणि खालून वर बेरीज करून जुळवली, तर बेरीज तपासली गेली. पण सभासदाने खरंच किती भरले, हे तिचं पासबुक रजिस्टरशेजारी ठेवल्याशिवाय कळत नाही.

दुरुस्ती कशी करायची?

सूत्र बाजूला ठेवा. शंभर रुपयांची एक वस्तू डोळ्यांपुढे आणा. तिच्यावर १८% कर लागला, म्हणजे गिऱ्हाईक ११८ रुपये देणार. या ११८ मध्ये १०० मूळ किंमत आणि १८ कर. आता स्वतःला विचारा, २३६० मध्ये असे ११८ चे किती वाटे बसतात? २३६० भागिले ११८, बरोबर २० वाटे. प्रत्येक वाट्यात १०० रुपये मूळ किंमत, म्हणून करपात्र किंमत २० × १०० = २००० रुपये. प्रत्येक वाट्यात १८ रुपये कर, म्हणून जीएसटी २० × १८ = ३६० रुपये. त्याचे दोन भाग, सीजीएसटी १८० आणि एसजीएसटी १८०.

आता खरा ताळा. २००० चे १८% किती? ३६०. दोन्ही मिळून २३६०. जुळलं.

परीक्षेत पोरांना हेच समीकरणाने लिहिता येतं. करपात्र किंमत x मानली, तर:

x + 18x/100 = 2360

118x/100 = 2360

x = 2360 × 100/118 = 2000

मुलीच्या पानावर दुरुस्ती करताना फक्त ओळ २ आणि ओळ ३ ची अदलाबदल होते. तिने आधी कर काढला आणि मग किंमत. जीएसटीसह किंमत दिलेली असेल तेव्हा आधी करपात्र किंमत काढायची, कर नंतर. ओळ ४ ची रीत तशीच राहते, फक्त आकडा बदलतो: ३६० ÷ २ = १८०.

पोरं इथेच का चुकतात?

या धड्यात दोन्ही तऱ्हेची उदाहरणं असतात. काही उदाहरणांत करपात्र किंमत दिलेली असते आणि कर काढायचा असतो. तिथे दिलेल्या आकड्याचे सरळ १८% काढले की उत्तर बरोबर येतं. अशी पाच-सहा उदाहरणं ओळीने सोडवली की हाताला सवय लागते: आकडा दिसला, दराने गुणला. मग 'जीएसटीसह' असा एकच शब्द बदलतो, आणि हात मात्र जुन्याच सवयीने चालतो. म्हणून पोरांना सांगा, प्रश्नातल्या त्या शब्दाखाली पेन्सिलने रेघ मार. 'करपात्र किंमत' किंवा 'जीएसटी वगळून' असेल तर दर सरळ लावायचा. 'जीएसटीसह' किंवा 'करासह' असेल तर आधी ११८ चा वाटा.

एक सावधगिरीही सांगते. मिक्सरच्या उदाहरणात उत्तर १९३५.२० असं पैशांत आलं, म्हणून कुणी म्हणेल की वाकडंतिकडं उत्तर आलं की चूक समजायची. यावर भरवसा ठेवू नका. खऱ्या बिलांत पैसे असतातच. आणि दर लहान असेल तर चूक इतकी छोटी होते की ती पैशांची काटछाट वाटते. समजा जीएसटीसह किंमत ५२५ रुपये आणि दर ५%. चुकीच्या रीतीने करपात्र किंमत येते ४९८.७५, बरोबर रीतीने येते ५००. फरक फक्त सव्वा रुपयाचा. नुसतं बघून तो कळणार नाही, खरा ताळा केला तरच सापडेल. ४९८.७५ चे ५% मिळवून बघा, ५२३.६९ येतील, ५२५ नाही.

चूक सापडल्यावर पोराला काय म्हणायचं?

पूर्ण पानावर काट मारू नका, खोडरबरही नको. चुकीच्या ओळीशेजारी पेन्सिलने एक छोटी खूण करा आणि विचारा, "बाळा, हे १८ टक्के कशाचे काढलेस?" एवढंच. उत्तर सांगू नका. या मुलीला तिच्या आईने एवढंच विचारलं. तिने दोन मिनिटं पानाकडे पाहिलं आणि म्हणाली, "अगं, ही तर कर धरूनची किंमत आहे!" बाकीचं तिने स्वतःच पूर्ण केलं.

जुनं उत्तर पानावर राहू द्यायचं आणखी एक कारण आहे. दहावीच्या गणितात पायरीलाही गुण असतात. कोणती पायरी बरोबर होती आणि कुठून घसरलो, हे पोराला स्वतःच्या वहीत दिसलं पाहिजे. निकालानंतर गुणांबद्दल शंका असेल तर बोर्डाकडून उत्तरपत्रिकेची छायाप्रत मागवता येते, आणि पुनर्मूल्यांकन हवं असेल तर आधी ती छायाप्रत घ्यावीच लागते. आपल्याकडे हे काम छत्रपती संभाजीनगरच्या विभागीय मंडळात चालतं. ती छायाप्रतही अशीच वाचायची असते, ओळीओळीने, आणि दिलेल्या मुदतीत.

हीच चूक आपल्या मसाल्यात

आता जरा गटाकडे वळू, कारण ही चूक फक्त वहीत होत नाही.

समजा तुमचा गट काळा मसाला करतो. सगळा खर्च आणि नफा धरून एका पाकिटामागे तुमच्या हातात १८० रुपये यायला हवेत. दुकानदार म्हणतो, "मी विक्रीच्या किमतीवर १०% कमिशन घेईन." बहुतेक गट काय करतात? १८० चे १०% म्हणजे १८, ते मिळवून पाकिटावर १९८ रुपये किंमत टाकतात. वाटतं, दुकानदाराचे १८ गेले की आपले १८० राहिले.

दुसरा प्रश्न विचारा: १०% कशाचे? दुकानदार घेणार विक्रीच्या किमतीचे, म्हणजे १९८ चे. ते होतात १९ रुपये ८० पैसे. तुमच्या हातात उरले १७८.२०. पाकिटामागे १ रुपया ८० पैसे गेले. दिवाळीला ५०० पाकिटं दिली तर ९०० रुपये गेले, आणि कुणी फसवलंही नाही!

बरोबर रीत तीच, वाट्यांची. १०० रुपये विक्री धरली तर दुकानदाराला १० आणि आपल्याला ९०. आपल्याला हवेत १८०, म्हणजे ९० चे २ वाटे. म्हणून विक्रीची किंमत २ × १०० = २०० रुपये. ताळा: २०० चे १०% म्हणजे २० दुकानदाराला, १८० आपल्याला. जुळलं. लक्षात ठेवा, इथे वाटा ११० चा नाही, ९० चा आहे, कारण टक्के वरच्या, म्हणजे विक्रीच्या किमतीवर आहेत. मिक्सरच्या उदाहरणात टक्के खालच्या, म्हणजे मूळ किमतीवर होते, म्हणून तिथे ११८ आले. 'कशाचे?' हा प्रश्न विचारला नाही तर या दोन्हींची सरमिसळ होते.

तुमच्यासाठी एक पान

खालचं उदाहरण येत्या बैठकीआधी घरी सोडवून बघा, पोरांनाही द्या.

एका दुकानाने २०% सूट देऊन साडी ९६० रुपयांना विकली. साडीची छापील किंमत किती? एका मुलाने लिहिलं: ९६० चे २०% = १९२, छापील किंमत = ९६० + १९२ = ११५२ रुपये. ताळा: ११५२ − १९२ = ९६०, बरोबर.

पहिली चुकीची ओळ कोणती? ताळा जुळूनही उत्तर का चुकलं? वाटा किती रुपयांचा धरायचा, १२० चा की ८० चा? बरोबर उत्तर १२०० रुपये आहे. ते कसं आलं, हे कागदावर लिहून आणा. बैठकीत तुम्ही एकमेकींचे कागद तपासा, पेन्सिल मी आणते.

— तुमची क्षेत्र समन्वयक